हात मागे पोहोचेनासा होतो तेव्हा

शौचानंतरची स्वच्छता स्वतःच्या हातांनी करता येते का, हा प्रश्न मी वृद्ध रुग्णांना आवर्जून विचारतो. जेट स्प्रे वापरायला एका हाताची पकड, कमरेचा पीळ आणि बसल्या जागी तोल या तीनही गोष्टी लागतात. त्या शाबूत असतील, तर चारशे-पाचशे रुपयांचा स्प्रे पुरेसा आहे. त्याला वीज लागत नाही. फक्त वापरानंतर भिंतीवरचा कॉक बंद करावा, म्हणजे नळी फुटत नाही.

माझ्या एका रुग्णाची उजवी बाजू पक्षाघाताने अधू झाली. डावा हात मागे नेताना तोल जाई, म्हणून प्रत्येक वेळी वृद्ध पत्नीला आत जावे लागे. मुलाने विजेवर चालणारी बिडे सीट घ्यायचे ठरवले. बटण दाबताच तोटी पुढे येते आणि कोमट पाण्याची धार सुटते. हा उपाय योग्यच होता. पण खरेदीपूर्वी न्हाणीघर तपासा, असे मी सुचवले.

त्यांचे घर वरच्या मजल्यावर. गच्चीवरची टाकी सीटपासून जेमतेम ३ मीटर उंच. पाण्याच्या १० मीटर उंचीमागे सुमारे १ बार दाब मिळतो, म्हणजे येथे ०.३ बारच. निवडलेल्या सीटच्या माहितीपत्रकात किमान ०.७ बार दाब मागितला होता. धार क्षीण राहिली असती, म्हणून छोटा प्रेशर पंप बसवावा लागला.

दुसरा प्रश्न विजेचा. पाणी तत्क्षणी तापवणारी ती सीट १,४०० वॅटची, म्हणजे सुमारे ६ अँपिअर वीज ओढणारी. ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटची क्षमता तेथेच संपते. म्हणून वायरमनने बोर्डापासून स्वतंत्र वायर ओढून १६ अँपिअरचा, अर्थिंग असलेला सॉकेट बसवला. तो कमोडच्या बाजूला, शॉवरपासून दूर, झाकणासह आहे. त्या वायरवर ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबीही आहे. गळती होताच ते वीज तोडते. ओल्या फरशीवरून नेलेला एक्स्टेन्शन बोर्ड मात्र कधीही वापरू नये.

वीज गेल्यावर काय? त्यांचा घरगुती इन्व्हर्टर एवढा भार पेलणारा नव्हता, म्हणून जुना स्प्रे तसाच ठेवला आहे. पंप आणि सॉकेट यांचा खर्च झेपत नसेल किंवा वीज वारंवार जात असेल, तर बाजूच्या दांडीने धार सोडणारी, विजेविना चालणारी सीट मिळते. तिचे पाणी गार असते. मात्र हात मागे न्यावा लागत नाही.

मधुमेहामुळे त्वचा बधिर झालेल्यांनी पाण्याची ऊब सर्वांत कमी ठेवावी, कारण चटका त्यांना जाणवत नाही. तापमान प्रथम दुसऱ्या कुणीतरी हातावर पाहून ठरवावे.

माझे रुग्ण आता दार लोटून एकटे आत बसतात. पत्नी बाहेर, हाकेच्या अंतरावर असते.