कुणी विचारलं, केव्हा विचारलं

मौखिक इतिहासाच्या प्रकल्पाचं सादरीकरण संपलं की श्रोत्यांतून तीन प्रश्न हमखास येतात. इतक्या वर्षांनी माणसाला नेमकं आठवतं का? मुलाखत घेणाऱ्यानेच ही उत्तरं वदवून घेतली नाहीत कशावरून? आणि सांगितलेलं कागदपत्रांशी ताडून पाहिलं का? बहुतेक सादरकर्ते शेवटच्या पाच मिनिटांत या प्रश्नांना कशीबशी उत्तरं देतात. वास्तविक सगळं सादरीकरणच या तीन प्रश्नांवर उभं करता येतं. ते कसं, हे या क्षेत्रातल्या दोन प्रसिद्ध प्रकरणांतून चांगलं समजतं.

पहिलं प्रकरण मध्य इटलीतल्या तेर्नी या पोलाद कारखान्याच्या शहरातलं. १७ मार्च १९४९ रोजी इटलीने उत्तर अटलांटिक करारात सामील होऊ नये, म्हणून कामगार कारखान्यातून बाहेर पडून सभेला निघाले. पोलिसांशी चकमक झाली आणि लुइजी त्रास्तुल्ली हा २१ वर्षांचा कामगार ठार झाला. पुढे १९७०च्या दशकात आलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने तेर्नीतल्या कामगारांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा अनेकांनी हा मृत्यू १९५३ साली झाल्याचं सांगितलं. त्या वर्षी कारखान्याने दोन हजारांवर कामगारांना घरी बसवलं होतं आणि शहरात रस्त्यारस्त्यांवर लढाई झाली होती. त्रास्तुल्ली त्या लढाईत पडला, असं कामगार सांगत होते.

तारीख चुकली, हे उघड होतं. पण म्हाताऱ्यांची स्मृती अधू झाली म्हणून मुलाखती बाजूला ठेवाव्यात, असं पोर्तेल्लीला वाटलं नाही. एकट्याची चूक ही चूकच असते. पण पुष्कळ माणसं एकाच दिशेने चुकत असतील, तर तिथे काहीतरी शोधण्यासारखं असतं. सहकारी डोळ्यांदेखत मारला गेला आणि आपण त्याला जोरकस उत्तर देऊ शकलो नाही, हे शल्य कामगारांच्या मनात राहिलं होतं. एका आंतरराष्ट्रीय करारावरच्या निषेधसभेसाठी जीव जावा, हेही पचत नव्हतं. १९५३ साली मात्र लढा थेट पोटासाठी होता आणि कामगार रस्त्यावर उभे ठाकले होते. स्मृतीने तो मृत्यू उचलून अशा जागी नेऊन ठेवला, जिथे त्याला अर्थ मिळत होता.

यात कागदांचं काम मोठं आहे. १९४९ची नोंद हाताशी नसती, तर हे स्थलांतर झालं आहे हेच कुणाला कळलं नसतं. म्हणून ताडून पाहण्याची पायरी टाळता येत नाही. फक्त तिचा निकाल ‘खरं’ किंवा ‘खोटं’ एवढ्यावर संपत नाही. आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. अनेकांची चूक सारखी निघाली, तर त्या सगळ्यांनी एकच स्मरणिका वाचली होती का किंवा एकाच सभेत ती हकिकत ऐकली होती का, हे विचारून घ्यावं. तसं असेल तर दहा साक्षी नाहीत, एकच साक्ष दहा तोंडांनी आलेली आहे.

मुलाखतकाराचा प्रभाव दाखवायला दुसरं प्रकरण घ्यावं. १९३०च्या दशकातल्या मंदीत अमेरिकन सरकारच्या फेडरल रायटर्स प्रोजेक्टने पूर्वी गुलाम असलेल्या २,००० हून अधिक लोकांच्या आठवणी नोंदवल्या. दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटन शहरात शंभरीच्या घरातल्या सुझन हॅम्लिन या बाईंची मुलाखत १९३७मध्ये जेसी बटलर या गोऱ्या बाईंनी घेतली, तशीच ऑगस्टस लॅडसन या कृष्णवर्णीय मुलाखतकारानेही घेतली. बटलरबाईंच्या नोंदीत मालक भला माणूस आहे. लॅडसनच्या नोंदीत चाबकाचे फटके आहेत, लेकरं विकली गेलेल्या आयांचा आकांत आहे आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नवऱ्यापासून तोडून विकलेली नवरी आहे. नावसुद्धा एक नाही. लॅडसनच्या कागदावर त्या सुझन हॅमिल्टन आहेत.

यातला फक्त वर्णभेद पाहिला तर गोष्ट अर्धीच कळते. दारात आलेली बाई सरकारी मदत कचेरीतली आहे, असा सुझनबाईंचा समज झाला. त्या कचेरीकडून त्यांना पूर्वी मदत मिळत असे. तो समज आपण दूर केला नाही, असं बटलर यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. मंदीच्या काळात भाकरी जिच्या हाती असेल असं वाटतं, त्या बाईपुढे कोण जुन्या गोऱ्या मालकाची निंदा करेल? हे आपल्याला कळतं ते केवळ बटलर यांनी भेटीची परिस्थिती आणि आपले प्रश्न मजकुरात राहू दिले म्हणून. लॅडसनची नोंद मनाला जास्त पटते, पण ती सलग निवेदनाच्या रूपात आहे. त्यांनी काय विचारलं, कोणत्या शब्दांत विचारलं, हे त्यातून गळलं आहे. त्यामुळे तिथे प्रभाव नव्हता, असं कुणालाही छातीठोकपणे म्हणता येत नाही.

म्हणून शब्दांकनातून मुलाखतकाराचे प्रश्न कधीही काढू नयेत. मुलाखत कुठे झाली, खोलीत आणखी कोण होतं, सांगणाऱ्याची मुलाखतकाराशी ओळख कोणामार्फत झाली आणि या कामाला पैसा कोणाचा, एवढं पहिल्या पानावर असावं. वदवून घेतलेलं उत्तर ओळखायला सोपी खूण आहे. प्रश्न उत्तरापेक्षा लांब असतो आणि प्रश्नातलाच शब्द उत्तरात परत येतो. गिरणगावातल्या कामगाराला ‘संपाने तुमचं घर उद्ध्वस्त केलं, तेव्हा कसं वाटलं?’ असं विचारलं, तर ‘उद्ध्वस्त’ हा शब्द मुलाखतकाराचा झाला. ‘१९८२च्या जानेवारीत संप सुरू झाला, त्यानंतर घरात काय काय झालं?’ असं विचारलं, तर शब्द कामगाराचे येतील. साल आठवत नसेल तर थोरला मुलगा तेव्हा कितवीत होता, हे विचारावं. त्यावरून शाळेच्या दाखल्यापर्यंत पोचता येतं.

राहिला प्रश्न कागदांचा. सुझनबाईंचं वय तपासू गेलं, तर १८५० आणि १८६०च्या अमेरिकन जनगणनेतल्या गुलामांच्या याद्या समोर येतात. त्यांत नाव मालकाचं असतं. त्याखाली गुलामांचं वय, लिंग आणि वर्ण, पण नाव बहुधा नसतंच. मालक त्या गावात होता का, त्याच्याकडे त्या वयाची मुलगी होती का, इथवर ही यादी नेते. ती मुलगी हीच, हे ती सांगत नाही. तेर्नीतही मृत्यूची तारीख नोंदीवरून पक्की ठरते. पण त्या काही मिनिटांत नेमकं काय घडलं, यावर पोलिसांची बाजू आणि कामगारांची बाजू वेगवेगळी आहे. कागद कुणी, केव्हा आणि कशासाठी लिहिला, हे मुलाखतीइतकंच तपासावं लागतं.

सादरीकरणात यासाठी एक साधा तक्ता पुरतो. एका बाजूला सांगितलेलं विधान, दुसऱ्या बाजूला सापडलेली नोंद आणि ती कुणी केली ते, शेवटी शेरा. शेरे तीन: जुळतं, जुळत नाही, तपासायला नोंदच नाही. तिसरा शेरा लिहायला सादरकर्ते कचरतात, आणि श्रोत्यांना नेमका तोच हवा असतो. ‘जुळत नाही’ असा शेरा पडलेल्या विधानासाठी दुसरी भेट घ्यावी. कागद पुढे करून माणसाला चुकीचं ठरवू नये. ‘वर्तमानपत्रात ४९ साल दिसतंय, तुम्ही ५३ म्हणालात. त्या दोन वर्षांबद्दल आणखी सांगाल का?’ असं विचारावं. उत्तर येईल ते नव्या तारखेसह पहिल्या मुलाखतीच्या शेजारी ठेवावं, आणि पहिल्या शब्दांकनातलं १९५३ तसंच राहू द्यावं.