झिरो नंबर

टक्कल लपवणाऱ्या माणसाची खरी परीक्षा आरशासमोर होत नाही, वजूखान्यात होते. मसह करताना ओले हात कपाळापासून मानेपर्यंत फिरवावे लागतात. डाव्या कानावरून उचलून, पार उजवीकडे नेऊन बसवलेले सहा-सात इंचांचे केस त्या एका हातासरशी सुटतात आणि खांद्याकडे लोंबू लागतात. असं दिवसातून पाच वेळा. कोपऱ्यातला नळ माझा ठरलेला होता. हात फिरवला की लगेच टोपी. लोकांना वाटायचं, सर मोठे अदबवाले, टोपी कधी उतरवत नाहीत. सोलापूरच्या मे महिन्यात त्या टोपीखाली काय शिजत असे ते अल्लाहलाच ठाऊक!

सुरुवात तिशीतच झाली होती. आधी कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकले, मग मधला पुंजका बेटासारखा उरला. अम्मी दोष द्यायची बोअरच्या पाण्याला, बेगम शाळेतल्या पोरांना. त्वचेच्या डॉक्टरांनी दोघींनाही निर्दोष सोडलं. म्हणाले, पुरुषी संप्रेरकापासून अंगात एक द्रव्य बनतं. ज्यांच्या केसांची मुळं जन्मतःच त्याला नाजूक, त्यांचा केस दर फेरीला आधीपेक्षा बारीक आणि आखूड उगवतो. शेवटी नुसती लव उरते. कानांवरच्या आणि मानेवरच्या मुळांवर मात्र त्याचा जोर चालत नाही. म्हणून तर कानावरून उधार घेऊन डोक्यावर पसरता येतात!

त्यांनी मिनोक्सिडिल दिलं. मूळचं हे रक्तदाबाचं औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा त्याचा हा दुसरा धंदा सुरू झाला. सकाळ-संध्याकाळ एक-एक मिलिलिटर डोक्याला चोळायचं. टाळूवर थोडी हिरवळ आली, पण कपाळाच्या कोपऱ्यांनी दाद दिली नाही. शिवाय हे औषध म्हणजे भाड्याचं घर. लावाल तोवर केस तुमचे, बंद केलंत की तीन-चार महिन्यांत घर खाली. मुलांच्या फीचे दिवस आले आणि मी ते बंद केलं. कानावरची उधारी चालू राहिली.

हे असंच चाललं असतं. पण एका सकाळी धाकटा न्हाणीघराच्या आरशासमोर दिसला. वय एकवीस. बोटं ओली करून तो डावीकडचे केस कपाळाच्या कोपऱ्यावर ओढत होता, मग मान तिरकी करून बघत होता. अगदी माझ्यासारखी मान, माझ्यासारखी बोटं. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. मला पाहताच त्याने नळ सोडला आणि तोंड धुऊ लागला.

त्याच रविवारी मी आमच्या हजामाच्या खुर्चीत बसलो आणि म्हटलं, "चाचा, पूरा निकालो."

चाचांनी दोनदा विचारून घेतलं. लांब केसांवर थेट वस्तरा चालवला तर केस ओढले जातात, म्हणून आधी झिरो नंबरची मशीन फिरवली. कानावरची ती लांब बट मांडीवर पडली. एवढीशीच होती. मग कोमट पाणी, फेस, वस्तऱ्यात नवं अर्धं पातं. हात केसांच्या कलाने, कातडी दुसऱ्या हाताने ताणून. पुसून आरसा दाखवला तर चेहरा सावळा आणि वर गोरं डोकं, जणू दोन माणसांचं एक केलंय. पंख्याचा वारा डोक्याला लागतो हे मला नव्यानेच कळलं.

"अब घने आयेंगे, सर," चाचा म्हणाले. येत नाहीत. पातं कातडीवरचा निर्जीव केस कापतं, मूळ आत सुरक्षित असतं. कापलेलं टोक बोथट असतं, म्हणून हाताला राठ लागतं, एवढंच. पण चाचांचं मन मोडवेना.

खरी पंचाईत पुढेच होती. आपल्याकडे मुंडलेल्या डोक्याला कारण लागतं. शाळेत एका सहकाऱ्याने बाजूला घेऊन हळूच विचारलं, "सर, घरात काही...?" त्यांच्याकडे वडील गेले की डोकं करतात. दुसऱ्यांना वाटलं, मुस्लिम माणूस तिरुपतीला कसा गेला असेल! मस्जिदीत तर लोकांनी गळाभेटच घेतली. "उमरा मुबारक, सर! जमजम कहाँ है? खजूर कहाँ है?" उमऱ्यानंतर पुरुष डोकं मुंडतात किंवा केस आखूड करतात, तेव्हा त्यांचा अंदाज वाजवीच होता. "नहीं भाई, ऐसेच," मी म्हणालो. 'ऐसेच' यावर कुणाचा विश्वास बसला नाही. एकाने तर तब्येतीची चौकशी सुरू केली.

तिसऱ्या दिवशी खुंट वर आले. केस दिवसाला मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा वाढतो. कानापासून कानापर्यंत घोड्याच्या नालेसारखी काळी सावली उमटली आणि मधलं मैदान तसंच चकचकीत. म्हणजे दर तिसऱ्या दिवशी वस्तरा आला. पुढचं मला जमतं, मागचं दिसत नाही. मानेजवळ दोनदा कापून घेतलं. धाकटा दारात उभा राहून बघत होता. शेवटी त्यानेच माझ्या हातातून रेझर घेतला.

"अब्बा, मान खाली करा," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "कलाने फिरवू की उलटा?"

"कलाने."