आठ फुटी लिंटेल मधेच का चिरलं?

गवंडी मंडळींनो,

हॉलच्या खिडकीवरच्या लिंटेलला मधोमध चीर पडली, तेव्हापासून साइटवर एकच बोलणं चाललंय: माल कमी सिमेंटचा होता. पण त्याच घमेल्यातला माल बेडरूमच्या चार फुटी खिडकीवरही पडलाय आणि तिथे एक रेघ नाही. म्हणून हे पत्र.

परांचीच्या फळीवर मधोमध उभे राहता तेव्हा ती खाली वाकते. तिचा वरचा थर दाबला जातो, खालचा ताणला जातो आणि हा ताण टेकूपाशी कमी, मध्यावर सर्वांत जास्त असतो. लिंटेलचंही तसंच. काँक्रीट दाब भरपूर सोसतं, ताण मात्र त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच. म्हणून चीर मध्यावर आणि खालून सुरू होते. फुटामागे ओझं तेवढंच असलं तरी गाळा चाराचा आठ झाला की मधला वाकवणारा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. लिंटेलची जाडी मात्र आपण दोन्हीकडे सहा इंचच ठेवली.

ताण घेण्यासाठी सळई असते, पण ती तळाशी हवी. इथे कव्हर ब्लॉक लावलेच नव्हते. ओतताना कुणी पिंजऱ्यावर पाय दिला, कुणी सळई वर ओढली, आणि ती जाडीच्या मध्यावर जाऊन बसली. १५० मिलिमीटर जाडीत २५ मिलिमीटर कव्हर ठेवलं तर सळईचा मध्य वरच्या पृष्ठभागापासून साधारण ११० मिलिमीटर खाली येतो. ती ७५ वर आली की ताकद सुमारे एक तृतीयांशाने घटते. शिवाय खालचं काँक्रीट उघडं पडतं. तिथे चीर अडवायला काहीच उरत नाही.

त्यात टेकू चौथ्या दिवशी काढले आणि लगेच वर वीटकाम चढवलं. ओल्या वीटकामाला स्वतःची कमान धरता येत नाही, त्याचं सगळं वजन लिंटेलवर येतं. तुळईचे टेकू १४ दिवस ठेवावेत, असं आयएस ४५६ सांगतं, सहा मीटरपर्यंतच्या गाळ्यासाठी. सेंट्रिंगवाल्याला फळ्या दुसरीकडे हव्या असतात, हे मला ठाऊक आहे. त्याच्याशी मी बोलेन.

चीर नीट बघा. खाली रुंद, वर निमुळती असेल तर ती वाकण्याची. टेकणीजवळ तिरपी गेली असेल तर प्रकरण वेगळं, तेव्हा हात न लावता मला बोलवा. आणि ही चीर गिलाव्याने बुजवू नका. आधी खाली टेकू परत लावा, वरचं काम थांबवा, चिरेच्या टोकाशी पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा. चीर खुणेपुढे सरकली तर लिंटेल फोडून नव्याने ओतायचं. सरकली नाही तरी टेकू काढायचा निर्णय इंजिनियर साहेबांचा.

तुमचा,
साइट सुपरवायझर