देणगी की प्रायोजकत्व?



बँकेतील नोकरीत हजारो अर्ज मी तपासले. परंतु स्वतः अर्जदार होण्याची वेळ निवृत्तीनंतर आली. आमच्या वसईतील मंडळाने महावीर जन्म कल्याणकानिमित्त दोन दिवसांचा सांस्कृतिक महोत्सव योजला आणि प्रायोजकांसाठी पत्र लिहिण्याचे काम माझ्याकडे सोपविले. मी दीड पानाचे भावपूर्ण पत्र लिहिले. त्यात समाजाची परंपरा होती, धर्मप्रभावना होती आणि शेवटी एक ओळ होती : ‘आपण यथाशक्ती देणगी द्यावी, आपला लोगो व्यासपीठावर झळकेल.’

एका परिचित सराफांनी ते वाचून शांतपणे विचारले, “साहेब, ही देणगी म्हणून लिहू की जाहिरात खर्च म्हणून?”

मी निरुत्तर झालो. दोन भिन्न व्यवहार मी एकाच वाक्यात कोंबले होते. देणगीत परतफेडीची अपेक्षा नसते. दात्याचे नाव कृतज्ञतेने फलकावर लिहिले, तरी ती देणगीच राहते. परंतु दुकानाचा लोगो, पत्ता आणि ‘सणानिमित्त खास सवलत’ असा मजकूर आला, की ती जाहिरात होते. जाहिरातीच्या रकमेवर देणगीची करसवलतीची पावती देता येत नाही. तो व्यापाऱ्याचा धंद्याचा खर्च ठरतो. प्रायोजक कंपनी किंवा भागीदारी पेढी असेल, तर आमच्यासारख्या न्यासाला दिलेल्या प्रायोजकत्वावरील १८ टक्के जीएसटी तिला स्वतःच भरावा लागतो. ही गोष्ट पत्रात आधी न सांगितल्यास तिच्या मुनीमजींना ती नंतर कळते आणि पुढच्या वर्षी आपले पत्र बाजूला पडते.

म्हणून आम्ही दोन पत्रे केली. दात्यांसाठी एक, त्यात लोगोचा उल्लेखही नाही. व्यापाऱ्यांसाठी दुसरे, त्यात ‘यथाशक्ती’ हा शब्दच नाही. त्याऐवजी तीन श्रेणी ठेवल्या. मुख्य प्रायोजक एकच, एक लाख रुपये : व्यासपीठाच्या मागील पडद्यावर सर्वांत मोठा लोगो, निमंत्रणपत्रिकेवर नाव आणि प्रवेशद्वाराजवळचा दहा बाय दहा फुटांचा स्टॉल. सहप्रायोजक दोन, प्रत्येकी पन्नास हजार : पडद्याच्या दोन बाजूंना लोगो आणि एक स्टॉल. सहयोगी प्रायोजक चार, प्रत्येकी पंचवीस हजार : प्रवेश कमानीवर लोगो, स्टॉल नाही. सातही मिळाले, तर तीन लाख जमतात. नुसता स्टॉल हवा असल्यास पाच हजार. असे वीस स्टॉल म्हणजे आणखी एक लाख.

येथे संख्या बांधून घेणे महत्त्वाचे. पैसे येतात म्हणून सहप्रायोजक पाच केले, तर पडद्यावर लोगोंची गर्दी होते आणि एक लाख देणाऱ्याला आपण पंचवीस हजारांच्या रांगेत उभे आहोत असे वाटते. त्याचप्रमाणे एका श्रेणीत एका धंद्याचा एकच प्रायोजक, असेही आम्ही लिहिले. दोन सराफांचे लोगो शेजारी लावले, तर दोघेही नाराज होतात.

स्टॉलच्या बाबतीतही मोघमपणा चालत नाही. किती फूट, टेबल-खुर्च्या किती, वीजजोड आहे की नाही, माल लावण्याची वेळ कोणती, हे सारे पत्रातच हवे. खाद्यपदार्थांच्या स्टॉलसाठी कंदमूळ वर्ज्य आणि सूर्यास्तापूर्वी विक्री बंद, ही अट आम्ही ठळक लिहिली. फरसाणवाल्याने बटाट्याचा वेफर मांडल्यावर ती सांगणे दोघांनाही अवघड जाते.

आणखी दोन चुका अनुभवाने कळल्या. पहिली लोगोची. एकाने मोबाइलवरून पाठविलेले छोटे चित्र आम्ही तसेच वीस फुटी फ्लेक्सवर छापले. ते इतके धूसर आले, की दुकानाचे नाव वाचता येईना. आता छपाईची मूळ फाइल पंधरा दिवस आधी मागतो आणि छापण्यापूर्वी नमुना दाखवून होकार घेतो.

दुसरी चूक वेळेची. जन्म कल्याणक चैत्र शुद्ध त्रयोदशीला, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये येते. मार्चअखेर खाती बंद करण्याची धांदल मी आयुष्यभर पाहिलेली. तरी पत्रे मार्चमध्येच नेली! गणेशोत्सव, नवरात्र आणि डिसेंबरमधला वसईचा कला-क्रीडा महोत्सव यांची पत्रे व्यापाऱ्यांकडे आधीच येऊन गेलेली असतात. आता जानेवारीत जातो. रक्कम धनादेशाने किंवा थेट खात्यावर घेतो आणि पत्राखालीच मंडळाचा पॅन व खाते क्रमांक देतो.

महोत्सवानंतर प्रत्येक प्रायोजकाकडे लोगोची छायाचित्रे आणि एका पानाचा हिशेब घेऊन जातो. त्या सराफांनी तो हिशेब पाहिला, घडी घालून गल्ल्यात ठेवला आणि म्हणाले, “साहेब, पुढच्या वर्षी दोन पत्रे आणा. जाहिरात दुकानाची, देणगी आईच्या नावाची. तिथे लोगो नको.”