भाववाढीची चिठ्ठी

परवा एका दुकानदार मित्राने एका मोठ्या कंपनीच्या दरवाढीच्या पत्राचा फोटो पाठवला. "कच्च्या मालाच्या किमतीत झालेल्या प्रचंड वाढीमुळे नाइलाजास्तव..." वाचलं आणि हसू आलं, कारण सप्टेंबर २०२४ मध्ये मी स्वतः हेच वाक्य कागदावर लिहून बसलो होतो. त्या चिठ्ठीचं पुढं काय झालं ते सांगतो.

आपल्या जळकोटात (लातूरचं जळकोट नव्हे, हायवेवरचं, तुळजापूर तालुक्यातलं) माझी शेव-फरसाणची छोटी भट्टी आहे. रोज साधारण ६० किलो माल निघतो. गिऱ्हाईक म्हणजे आसपासची किराणा दुकानं, चहाची हॉटेलं आणि हायवेवरचे दोन-तीन ढाबे. बहुतेक जण दहा-दहा वर्षांपासूनचे.

गणपती बसले होते. १३ सप्टेंबरच्या रात्री केंद्र सरकारने खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं. कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावर मूळ शुल्क शून्य होतं, ते २० टक्के झालं. रिफाइंडवर साडेबारा टक्क्यांचं साडेबत्तीस झालं. सेस धरून कच्च्या तेलावर साडेसत्तावीस आणि रिफाइंडवर पावणेछत्तीस टक्के. आपण जे पामोलिन तळायला वापरतो ते जवळजवळ सगळं बाहेरून येतं, त्यामुळे फटका थेट. १५ किलोचा डबा मला १,५७५ ला पडत होता, तो १,८९० वर गेला. गंमत म्हणजे व्यापाऱ्याने दुसऱ्याच दिवशी नवा भाव सांगितला. गोदामातलं तेल जुन्याच शुल्काचं होतं. सरकारनेही तेल कंपन्यांना बजावलं होतं की जुना साठा संपेपर्यंत एमआरपी वाढवू नका. पण खालच्या बाजारात कोण कुणाचं ऐकतं?

मीही रागारागात चिठ्ठी लिहिली. शेव १६० रुपये किलो होती, ती उद्यापासून १८०. हॉटेलवाल्या अण्णांकडे पहिली चिठ्ठी दिली. त्यांनी चष्मा लावून वाचली आणि म्हणाले, "शेठ, तेल किती वाढलं?"

"किलोला एकवीस रुपये."

"मग एक किलो शेवेत एक किलो तेल घालता का?"

मी गप्पच झालो. घरी येऊन वही उघडली.

शेवेचा हिशोब तसा सरळ आहे. १० किलो बेसनाला मोहन आणि तळताना शोषलं जाणारं मिळून साडेचार किलोच्या आसपास तेल लागतं. पिठातला ओलावा उडून जातो, मीठ-मिरची-ओवा धरून माल निघतो १४ किलो. म्हणजे एका किलो शेवेत तेल ३२० ग्रॅम. कढईतलं जळकं तेल काढून टाकावं लागतं, ते धरून ३५० ग्रॅम. २१ रुपये गुणिले ०.३५, म्हणजे सात रुपये पस्तीस पैसे. तेलामुळे वाढ झाली होती ती एवढीच.

उरलेली वाढ कशाची होती? बेसनाची. हरभरा त्या उन्हाळ्यापासून चढतच होता आणि माझं बेसन ८८ वरून १०० वर गेलं होतं. मी भाव न वाढवता ते दोन महिने सोसत होतो. किलो शेवेला बेसन लागतं ७१४ ग्रॅम, म्हणजे साडेआठ रुपये. दोन्ही मिळून सोळा. मी लिहिलं होतं वीस आणि कारण दिलं होतं फक्त तेलाचं, कारण ती बातमी टीव्हीवर होती. चार रुपये बातमीच्या नावावर खपवायला निघालो होतो, हे खरं.

अजून एक गोष्ट. माझ्याकडेही जुन्या भावाचे २२ डबे होते. रोज २१ किलो तेल लागतं, म्हणजे महिनाअखेरपर्यंतचा साठा. व्यापाऱ्याला शिव्या देऊन मीही तेच करत होतो की.

चिठ्ठी फाडली आणि नवी लिहिली. त्यात सगळं मांडलं: तेल किती वाढलं, बेसन किती वाढलं, किलोमागे प्रत्येकाचे किती. नवा दर १७६, लागू १ ऑक्टोबरपासून. शेवटी एक ओळ टाकली: तेलाचा डबा १,७०० च्या खाली आला तर दर परत कमी करू.

दहा रुपयांच्या पाकिटाची अडचण वेगळी. त्याची किंमत अकरा करता येत नाही, पोरगं दहाचं नाणं घेऊनच येतं. तिथं वजन कमी करावं लागतं, ४५ ग्रॅमचं ४१. पण वजन पाकिटावर छापलेलं असतं. छापलंय ४५ आणि भरलंय ४१ हा सरळ गुन्हा. नवा रोल येईपर्यंत जुन्या रोलवर ४५ ग्रॅमच भरले, तेवढा तोटा सोसला. काही जण भाव तोच ठेवतात आणि तेच तेल आठवडाभर ओढतात. तेल काळपट होतं, कढईत फेस धरतो, शेव हाताला चिकट लागते. शेव "स्वस्त" मिळाली तर एकदा बोटं चोळून बघा.

चिठ्ठी वाटताना दुकानात बसलेल्या एका शेतकऱ्याने मला खरा प्रश्न विचारला. "शुल्क आमच्यासाठी वाढवलं म्हणतात. तुमचं तेल महागलं, मग आमचं सोयाबीन का नाही?" त्या हंगामात हमीभाव ४,८९२ होता आणि बाजारात त्याच्या खालीच पट्टी येत होती. उत्तर सोयाबीनच्या पोटात आहे. एका क्विंटलमधून तेल निघतं १८ किलोच्या आसपास, बाकी ८० किलोच्या वर पेंड. तेल किलोला २० रुपयांनी वाढलं तर क्विंटलमागे ३६० रुपये आले. पण पेंड पाचच रुपयांनी पडली तरी ४०० गेले. आणि पेंड पडलेलीच होती. जगात सोयापेंड मुबलक, वर आपल्याकडे मका-तांदळाच्या इथेनॉल कारखान्यांतून निघणारा चोथा कोंबडीखाद्यात स्वस्तात येत होता. म्हणजे शेवेसाठी जास्त पैसे मोजले त्याच शेतकऱ्याने आणि त्याच्या सोयाबीनला काही मिळालं नाही.

पुढं मे २०२५ च्या शेवटी सरकारने कच्च्या तेलावरचं मूळ शुल्क वीसचं दहा केलं. दोन दिवसांत अण्णांचा व्हॉट्सअॅपवर मेसेज. माझ्याच चिठ्ठीचा फोटो, शेवटच्या ओळीखाली लाल रेघ. "शेठ, डबा काय भाव?"

मी बिलाचा फोटो पाठवला. डबा अजून १,८०० च्या वरच होता. कलमाप्रमाणे मी मोकळा. अण्णांनी विचारलं, "आणि डाळ?"

डाळ उतरली होती. बेसन ८९ वर आलं होतं. पण कलमात मी फक्त तेल लिहिलं होतं. तेल चढं राहील असं वाटत होतं म्हणून लिहिलं होतं का, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. ११ रुपये गुणिले ०.७१४, सात रुपये पंच्याऐंशी पैसे.

१ जुलैपासून शेव १६८ केली. या वेळच्या चिठ्ठीत तेल आणि बेसन दोन्हीचे आकडे आहेत. अण्णांनी ती गल्ल्यामागे चिकटवून ठेवलीय.