पंचवीस हजारांची परवानगी नाही, चर्चा

प्रिय अ,

समोर बसलो की आपण भांडतो, म्हणून लिहितेय. बाळ झोपलंय.

दोन गुरुवारांपूर्वीचा केक आठवतोय? ओव्हनमध्ये बाराव्या मिनिटाला लाइट गेली आणि केक मध्येच बसला. घोटावड्यात गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाणार, हे आपल्याला माहीत आहे. ओव्हन दोन हजार वॉटचा, आपला इन्व्हर्टर पंखे-दिवे चालवणारा. त्यावर ओव्हन चालणार नाही. तेव्हा तू म्हणालास, "इथे बेकरी कशी करणार?" प्रश्न बरोबर होता. पण चुकला होता तो पदार्थ.

केकच्या पिठात सोडा एकदा ओला झाला की थांबून चालत नाही. नानकटाईचं पीठ मात्र फ्रीजमध्ये दिवसभर राहतं. उलट ते गार असलेलं बरं. एप्रिलमध्ये मी न गारवता भाजली, तर तूप वितळून सगळ्या पसरून एकमेकींना चिकटल्या. अर्धा तास गार करून १६० अंशांवर भाजल्या, तेव्हा आकार धरला.

एका घाण्याचा हिशेब असा. मैदा ५०० ग्रॅम, बेसन १००, पिठीसाखर ३०० आणि तूप ३५०. वेलदोडा धरून सामान २८० रुपयांचं, त्यातले सव्वादोनशे नुसत्या तुपाचे. वीज साधारण २५ रुपये. तुटलेल्या बाजूला काढून पाव किलोचे चार डबे भरतात, त्यांचे ४० रुपये. एकूण ३४५. डबा १५० ला विकला तर हातात २५५ राहतात, म्हणजे डब्यामागे साधारण ६४.

सुरुवातीला लागतील २५,००० रुपये: मोठा ओव्हन १४,०००, ट्रे २,५००, बीटर २,०००, काटा ५००, ओव्हनसाठी वेगळी वायरिंग २,०००, बाकी ४,००० सामान आणि डब्यांना. हे पैसे माझ्या नोकरीतल्या बचतीतून. सहा महिन्यांच्या खर्चाची एफडी आणि बाळाचं खातं, दोन्हीला हात लावायचा नाही. कर्जही नाही.

आठवड्याला सोळा डबे गेले तर पैसे सुटायला सहा महिने लागतात. त्यात माझ्या कष्टांचा एक रुपयाही धरलेला नाही, हे मी लपवत नाहीये. आठवड्याला आठ तास जातील. त्यातले चार शनिवारी बाळ तुझ्याकडे असेल, हीच खरी मागणी आहे. पैसे त्यामानाने सोपे.

थांबायचं कधी, तेही ठरवू. तीन महिन्यांनंतरही आठवड्याला दहाच डबे जात असतील, तर ओव्हन विकायचा. शेजारणींनी कौतुकाने एकदा घेतलेला डबा मी मोजणार नाही, दुसऱ्यांदा मागितलेला मोजेन. विकण्याआधी अन्न सुरक्षेची नोंदणीही करेन.

नोकरीवर परत जायचं की नाही, हे या पत्रात नाही. ते मलाच अजून कळलेलं नाही. एवढंच कळलंय की दिवसभरात एखादी गोष्ट सुरू करून मी ती पूर्ण करावी, असं फार दिवसांनी वाटतंय.

डब्यात चार ठेवल्यात. खाऊन मग उत्तर दे.

तुझीच