पुढच्या भागापर्यंत कोण पोचतं?

यूट्यूबचे आकडे वाचायचे कसे, यावर लिहा, असं संपादकांनी सुचवलं. विषय फार मोठा आहे, म्हणून त्यातला मला सतत विचारला जाणारा एकच प्रश्न घेते. मालिकेचे भाग प्लेलिस्टमध्ये ज्या क्रमाने लावले, त्या क्रमामुळे प्रेक्षक पुढचा भाग पाहतो का?

एक प्रकरण अजून डोक्यातून गेलेलं नाही, ते सांगते. महसुली दावे चालवणाऱ्या एका वकिलांनी सातबारा समजावणारी आठ भागांची मालिका केली होती. पहिल्या भागात जमिनीच्या नोंदींचा इतिहास, मग गाव नमुना 7, गाव नमुना 12, चौथ्यात फेरफार, पाचव्यात आठ-अ, सहाव्यात पोटहिस्सा, सातव्यात वारस नोंद आणि शेवटी हरकत व अपील. पाचव्या भागापासून आकडे कोसळले होते. "आठ-अ लोकांना कंटाळवाणं वाटतं, तो भाग काढून टाकू का?" असं त्यांनी विचारलं. जवळपास प्रत्येक जण असंच विचारतो आणि मला याचाच त्रास होतो. मालिकेत आकडा उतरत जाणारच, कारण पाचव्या भागापर्यंत चौथ्यात टिकलेलेच पोचतात. उतरण आहे म्हणून भाग वाईट ठरत नाही. ती उतरण कोणत्या पायरीवर मोडते, हे पाहावं लागतं.

पहिली तपासणी अगदी साधी आहे. प्लेलिस्ट 'आधी नवीन' अशी लावलेली असेल, तर 'सगळे चालवा' दाबणारा माणूस शेवटच्या भागापासून उलटा चालू लागतो. अशा वेळी प्लेलिस्टमधून आलेल्या प्रेक्षकांची संख्या शेवटच्या भागाला सर्वांत जास्त दिसते आणि पहिल्याला सर्वांत कमी. वकीलसाहेबांचा क्रम हाताने लावलेला होता, त्यामुळे ती शंका लगेच मिटली.

आता आकडे. स्टुडिओत प्रत्येक व्हिडिओचे प्रेक्षक कुठून आले ते दिसतं, त्यात `Playlists` अशी एक ओळ असते. प्लेलिस्ट चालू असताना झालेली पाहणी त्या ओळीत मोजली जाते. गूगलवर शोधून थेट वारस नोंदीच्या भागावर उतरलेला माणूस त्यात येत नाही आणि यायलाही नको, कारण क्रमाशी त्याचा संबंधच आलेला नसतो. म्हणून भागाचे एकूण व्ह्यूज बाजूला ठेवून ही एकच ओळ आठही भागांसाठी खाली उतरवून घ्यायची. आमचे आकडे गोल करून देते. पहिल्या भागाला 2000, दुसऱ्याला 620, तिसऱ्याला 400, चौथ्याला 260, पाचव्याला 70.

या रांगेत पहिल्या आणि दुसऱ्या भागामधली दरी सर्वांत खोल दिसते. ती क्रमामुळे पडली म्हणावी का? इथे मी नेहमी अडून बसते. प्लेलिस्ट आपोआप पुढे सरकते ती व्हिडिओ संपल्यावर. जो चौथ्या मिनिटालाच उठून गेला, त्याच्यासमोर पुढचा भाग कधी आलाच नाही. म्हणून आधी विचारायचं, शेवटपर्यंत किती जण होते? प्रेक्षक किती टिकले, याचा आलेख दर व्हिडिओखाली असतो. पहिल्या भागाच्या शेवटी सुमारे 35 टक्के उरले होते, म्हणजे 2000 पैकी 700. त्यांतले 620 दुसऱ्या भागात गेले, जवळजवळ दहातले नऊ. क्रम तिथे उत्तम काम करत होता. लांबलेला इतिहास लोकांना घालवत होता. चौथ्या भागात चित्र उलटं. शेवटपर्यंत 60 टक्के थांबले, म्हणजे 156 जण, आणि पुढे गेले फक्त 70. फेरफार पूर्ण ऐकून घेतलेल्या माणसाला आठ-अ नको होता.

हा हिशेब काटेकोर नाही. आलेख सगळ्या प्रेक्षकांचा असतो, फक्त प्लेलिस्टवाल्यांचा नव्हे. शिवाय कोणी शेवट न पाहताच पुढचं बटण दाबतो, कोणी दिलेल्या दुव्यावरून प्लेलिस्टमध्ये मधूनच शिरतो. पण दहातले नऊ आणि निम्म्याहूनही कमी, एवढा फरक या त्रुटींनी झाकला जात नाही.

मग त्यांना काय हवं होतं? सातव्या भागाच्या `Suggested videos` या ओळीवर दाबलं की कोणत्या व्हिडिओवरून लोक तिथे आले त्याची यादी उघडते. यादीत सहाव्या भागाच्या वर चौथा भाग होता. फेरफार समजल्याबरोबर लोक प्लेलिस्ट सोडून बाजूच्या यादीतून वारस नोंदीकडे उडी मारत होते. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर नाव चढवायला निघालेल्या माणसाचा तोच पुढचा प्रश्न असतो. वकीलसाहेबांनी मालिका नोंदवह्यांच्या क्रमाने रचली होती, आणि प्रेक्षक आपल्या घरच्या गरजेच्या क्रमाने चालला होता.

वारस नोंद पाचव्या जागी आणली. नुसता भाग वर ओढून भागत नाही. शीर्षकातला आणि थंबनेलवरचा भाग क्रमांक बदलावा लागला. "मागच्या भागात आपण पोटहिस्सा पाहिला" हे सुरुवातीचं वाक्य स्टुडिओच्या संपादकातून कापलं. व्हिडिओचा दुवा आणि जुने व्ह्यूज त्यात जात नाहीत. मग तेवढ्याच लांबीच्या काळाचे आकडे पुन्हा काढले. पहिले चार भाग जवळपास तसेच राहिले आणि नव्या पाचव्या भागात 70 ऐवजी 125 जण आले. शेवटपर्यंत थांबलेल्या 156 पैकी पाचातले चार.

वकीलसाहेब मात्र नाराज. त्यांनी सगळ्या भागांची बेरीज पहिल्या भागाच्या आकड्याने भागून सरासरी काढली होती आणि ती फक्त दुसऱ्या दशांशात हलली होती. हलणार कशी? 2000 च्या गर्दीत पन्नास-पंचावन्न माणसं बुडून जातात. एका सरासरीवर क्रमाचा निकाल लावू नका, हे मी थकून जाईपर्यंत सांगत असते. यूट्यूबही असाच एक आकडा देतं, `viewsPerPlaylistStart`, म्हणजे प्लेलिस्ट सुरू केल्यावर सरासरी किती व्हिडिओ पाहिले गेले. त्याच्या अधिकृत व्याख्येतच म्हटलंय की तो फक्त वेबवरची पाहणी मोजतो. गावाकडचा प्रेक्षक मोबाइलवर ॲप उघडून पाहत असेल, तर तो त्या सरासरीत नसतोच.

माझ्या मनात शंका राहते ती वेगळीच. यूट्यूबवर एकाच प्लेलिस्टचे दोन क्रम दोन गटांना एकाच वेळी दाखवण्याची सोय नाही. आपण आधीचा काळ आणि नंतरचा काळ एवढंच ताडून पाहतो, आणि मधल्या काळात व्हॉट्सॲपच्या एखाद्या गटात दुवा फिरला तरी प्रेक्षक बदलतो. आमच्या बाबतीत पहिल्या चार पायऱ्या जागच्या जागी राहिल्या आणि हलली ती नेमकी आम्ही बदललेली पायरी, म्हणून श्रेय क्रमाला द्यायला मी तयार आहे. नंतरच्या काळाच्या आकड्यांत हेही दिसलं की वारस नोंद पाहून झाल्यावर पुढच्या पायरीवर निम्म्याहून जास्त लोक गळाले आणि आठ-अच्या वाट्याला पूर्वीपेक्षाही थोडे कमी आले. त्यांचं काम झालं होतं. त्यांना तिथून पुढे ओढेल असा कोणताही क्रम मला सुचत नाही. आता वकीलसाहेब फेरफार, वारस नोंद आणि हरकत एवढ्या तीनच भागांची वेगळी प्लेलिस्ट करणार आहेत आणि इतिहासाचा भाग मूळ मालिकेच्या शेवटी नेणार आहेत.